वाळा, कोकम, बेल, सबजा... आबांना यातलं नेमकं काय देऊ? (वय ७१, बीपी आणि शुगर)

स्नेहल_राजारामपुरी
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण पूर्ण वाचा. आमच्या आबांना (माझे सासरे) उन्हाळा अजिबात सोसत नाही, यंदा तर दुपारी बाराच्या आतच घर भट्टी झालेलं असतं आणि ते पंख्याखाली नुसते कुशी बदलत असतात. म्हणून आत्तींनी आणि मी ठरवलं की कोल्ड्रिंक पूर्ण बंद, सगळं घरचं थंड द्यायचं. महाद्वार रोडवरून वाळा आणला, कपिलतीर्थ मार्केटातनं सबजा आणला, नणंदेने कणकवलीहून कोकम आगळाची बाटली पाठवली आणि बेलफळं शेजारच्या काकूंच्या शेतातली. आता रोजचं असं चालू आहे: सकाळी बेलाचं सरबत, दुपारी नि चार वाजता कोकम, रात्री झोपताना सबजा. तीन आठवडे झाले.

तर प्रॉब्लेम असा की परवा बीपी बघितलं तर १६८/९४ आलं, एरवी १४० च्या वर कधी जात नाही. पायालाही थोडी सूज वाटतीय. गोळ्या एकही चुकवलेली नाही. आत्ती म्हणतात उन्हामुळं. मला शंका येतीय की यातलंच काहीतरी लागू पडत नाहीय. त्यांना बीपी, शुगर दोन्ही आहे, क्रिएटिनीन १.७ आहे, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा अगदी हलका झटका येऊन गेला, त्यातनं बरे झालेत, चालतात फिरतात, फक्त चहा पिताना ठसका लागतो अधूनमधून. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोपर्यंत काय चालू ठेवू नि काय बंद करू?

रांगडा_पाटील
ताई काय घाबरतासा, ही सगळी आपली पूर्वापार चालत आलेली पेयं हायत, आमच्या आज्जीनं ९० वर्षं ह्याच्यावरच काढली. बेल तर शुगरवर लई भारी, आमच्या गल्लीत एकानं बेल सुरू केला आणि गोळी अर्धी केली. कोकम पित्तावर. वाळा थंड. सबजा थंड. थंड गोष्टीनं बीपी कसं वाढंल? बीपी उन्हानं वाढलंय. बेल वाढवा उलट. आणि महाशिवरात्रीला आम्ही बेलफळ गूळ घालून चमच्यानं खातो, कुणाला काय झालं नाही.

मालवणी_माहेर
स्नेहल, माझं माहेर कुडाळ, लग्न करून वीस वर्षं कोल्हापुरात आहे, त्यामुळे कोकमावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तू "कोकम" म्हणतेस पण तुझ्याकडे आलंय ते आगळ. इथे घाटावर सगळ्यालाच कोकम म्हणतात, पण आमच्याकडे तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्हीचा हिशेब वेगळा.

रातांबे पिकले की फोडायचे. बिया आणि गर बाजूला काढून साली उन्हात वाळवायच्या, त्या काढलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायच्या, ती झाली आमसुलं, म्हणजे आमटीतली सोलं. दुसरं, सालीच्या वाट्या करून त्यात साखर भरायची, बरणीत रचून उन्हात ठेवायची, साखर विरघळून लालभडक पाक सुटतो, हे अमृत कोकम, तुम्ही दुकानात सरबत म्हणून घेता ते. आणि तिसरं आगळ, त्यात साखर नाही, मीठ. साली गरासकट मिठात घालायच्या, रोज हलवायच्या, आठवडाभरात रस सुटतो, तो गाळायचा. मीठ असतं म्हणूनच ते वर्षभर टिकतं, फ्रिजबाहेरसुद्धा. आम्ही सोलकढीला एका मोठ्या पातेल्यात दोन-चार चमचे घालतो आणि मग वरून मीठ घालायचंच नसतं.

आता मला सांग, आबांच्या ग्लासात किती घालतेस? आणि वरून काळं मीठ-जिरं भुरभुरवतेस का?

स्नेहल_राजारामपुरी
अगं बाई. एक मोठा चमचा एका ग्लासाला. दोन ग्लास दिवसाला. आणि हो, काळं मीठ चिमूटभर, त्याशिवाय आबांना गोड... म्हणजे चव लागत नाही. साखर घालत नाही म्हणून मी खूश होते की शुगरवाल्या माणसाला हे बरं.

मालवणी_माहेर
तिथंच गंमत झाली. साखर वाचली आणि मीठ शिरलं. बाटलीवर लेबल आहे का बघ गं, बचतगटांच्या बाटल्यांवर हल्ली असतं.

गोळीवाले_काका
मध्येच येतोय. पस्तीस वर्षं औषध दुकानात काउंटरला उभा राहिलोय, आता घरी बसलोय. स्नेहलताई, लेबलवर "सोडियम" असा शब्द शोधा, मीठ लिहिलेलं नसेल कदाचित. १०० मिलीला किती मिलिग्रॅम आहे ते इथे सांगा. आणि आबांच्या गोळ्यांची नावं टाका, स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरातली, कंपनीचं नाव नको.

स्नेहल_राजारामपुरी
काका, लेबल आहे. सोडियम ५६०० मिलिग्रॅम, १०० मिलीला. गोळ्या: बीपीची टेल्मिसार्टन ४० सकाळी, शुगरच्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, आणि रक्त पातळ करायची ॲस्पिरिन ७५.

गोळीवाले_काका
चला, मग हिशेब मांडू. मोठा चमचा म्हणजे १५ मिली धरा. ५६०० च्या हिशेबानं एका चमच्यात ८४० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ, म्हणजे साधारण दोन ग्रॅमच्या वर. दिवसाला दोन ग्लास, म्हणजे सव्वाचार ग्रॅम मीठ, वरचं काळं मीठ वेगळं. मोठ्या माणसानं अख्ख्या दिवसात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आबांनी तेवढं जवळजवळ सरबतातच संपवलं. मग भाजी, भाकरी, आमटी, लोणचं, चटणी हे सगळं त्याच्यावर. तीन आठवडे रोज. बीपी वाढलं, पाय सुजले यात मला नवल वाटत नाही. उन्हानं खरं तर बीपी थोडं खालीच येतं बहुतेकांचं, नसा सैल पडतात.

आगळ आजच बंद करा. बीपी रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसवून मोजा आणि वहीत लिहा, सोमवारी डॉक्टरांना ती वही दाखवा. आणि १८० च्या वर गेलं, किंवा छातीत, डोक्यात, बोलण्यात काही वेगळं वाटलं तर सोमवारची वाट बघायची नाही.

फौंड्रीतला_सच्या
काका तुमी मिठाला उगाच व्हिलन करताय. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत हाय, मेल्टिंगला. फर्नेससमोर आठ तास, शर्ट पिळला तर पाणी गळतंय, वाळला की पांढरं मीठ दिसतंय त्याच्यावर. मागच्या वर्षी नुसतं साधं पाणी पीत होतो, बाटल्यावर बाटल्या, तरी पोटऱ्यात गोळे यायचे, रात्री झोपंत ओरडत उठायचो. मग एका मालवणच्या पोरानं आगळ पाणी द्यायला सुरुवात केली, गोळे गेले. मीठ पायजेलच उन्हाळ्यात, सगळ्यास्नी पायजे. आबांना पण घाम येतच असंल की.

गोळीवाले_काका
सच्या, तुझं तुझ्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे. तुझ्या शर्टावर जे पांढरं दिसतं ते शरीरातनं गेलेलं मीठ, ते परत द्यावंच लागतं, नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ अजून पातळ होतं आणि गोळे येतात. तुझ्या कामाला आगळ-पाणी उत्तम. पण आबा पंख्याखाली पडून आहेत. त्यांचं मीठ घामातनं जात नाहीय, आणि १.७ क्रिएटिनीन असलेली किडनी जादाचं मीठ लवकर बाहेर टाकू शकत नाही, ते पाणी धरून ठेवतं. एकच बाटली, दोन माणसं.

फक्त एक, तुला उलटी, जुलाब झाले किंवा गरगरायला लागलं तर आगळावर भागवू नको. ओआरएसची एक लिटरवाली मोठी पुडी घे, पूर्ण एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी, अर्धी पुडी ग्लासात असलं काही नको. त्यात मीठ आणि ग्लुकोज मोजून घातलेलं असतं, सरबतात ते माप नसतं. आणि सोबतचा कुणी भट्टीजवळ असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलंय, शुद्ध हरपत चाललीय, तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ लावा.

फौंड्रीतला_सच्या
बरं काका. पुडी लॉकरात ठेवतो चार.

निशिगंध_९
माझा प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारते, माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे, तिला सबजा दिला तर चालेल का? सासूबाई म्हणतात उष्णता कमी होते. मागच्या वर्षी माझ्या भाचीने (तीन वर्षांची होती) डब्यातला कोरडा सबजा मूठभर तोंडात टाकला होता, कुणाचं लक्ष नव्हतं, दोन मिनिटात तोंडात बुळबुळीत गोळा झाला आणि ती घुसमटायला लागली. ताईनं बोटानं काढला बराचसा, मग दवाखान्यात पळाले. काही झालं नाही, पण तेव्हापासून मला सबज्याचा डबा बघितला तरी धडधडतं.

मालवणी_माहेर
निशिगंध, एवढ्या लहान पोरीला काय करायचाय सबजा. पाणी, ताक, शहाळं पुष्कळ झालं. आणि डबा वरच्या फळीवर, झाकण घट्ट.

गोळीवाले_काका
मालवणीताईंशी सहमत, देऊ नका. सबज्याचा दाणा पाणी शोषून स्वतःच्या आकाराच्या कितीतरी पट फुगतो, ते फुगणं ग्लासात व्हायला हवं, घशात नाही. मोठ्यांसाठीसुद्धा एक छोटा चमचा सबजा, एक मोठा ग्लास पाणी, पंधरा-वीस मिनिटं, मध्ये दोनदा ढवळायचं नाहीतर तळाला गठ्ठा बसतो आणि त्या गठ्ठ्याच्या पोटातले दाणे कोरडेच राहतात. चमच्यात घेऊन उजेडात बघा, प्रत्येक काळ्या ठिपक्याभोवती राखाडी-पांढरं जेलीचं कडं दिसलं पाहिजे. एखादा दाणा नुसता काळा, चकचकीत दिसला तर अजून भिजलेला नाही.

रांगडा_पाटील
मिठाचं पटलं काका, माझं चुकलं. पर बेलाचं काय? बेल तर सोडायचा नाय म्हणतो मी, शुगर कमी करतोच तो, आयुर्वेदात हाय.

मालवणी_माहेर
पाटील, एक विचारू? तुम्ही महाशिवरात्रीला गूळ घालून खाता ते फळ आतनं कसं असतं? तपकिरी, आंबट, बारीक बारीक बिया गरात मिसळलेल्या?

रांगडा_पाटील
व्हय, चॉकलेटी. आंबट-गोड. चटणी पण करत्यात त्याची.

मालवणी_माहेर
अहो ते कवठ! बेल नाही. बाहेरनं दोन्ही गोल आणि टणक, म्हणून घोटाळा होतो. कवठाची साल खरबरीत, पांढुरकी. बेलफळाची साल गुळगुळीत, पिकल्यावर पिवळसर, आणि फोडलं की आत केशरी-पिवळा गर, गोड घमघमाट, आणि बिया डिंकासारख्या चिकट पाकात अडकलेल्या. त्या चिकटामुळेच बेलाचं सरबत मिक्सरला लावायचं नाही, बी फुटली की कडवट होतं. गर पाण्यात तासभर भिजत घालायचा, हातानं कुस्करायचा आणि जाड चाळणीतनं गाळायचा.

रांगडा_पाटील
आयला, म्हणजे मी आजवर बेल खाल्लाच नाही तर. पानं तेवढी महादेवाला वाहिली.

गोळीवाले_काका
पाटील, तुमची गोष्ट अर्धी खरी आहे, ती कुठं वळते ते सांगतो. बेल शुगर कमी करतो असं जे कानावर येतं ते मुख्यतः पानांबद्दल, आणि त्यातलंही बरंच काम उंदरांवर झालेलं आहे. फळाचं वेगळं. पिकलेल्या बेलाच्या शंभर ग्रॅम गरात तीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे गोडच फळ ते, आणि सरबतात लोक वरनं साखर नाहीतर गूळ घालतात. शुगरवाल्या माणसानं ते शुगर उतरवायला म्हणून रोज प्यायचं याला काही अर्थ नाही. तुमच्या गल्लीतल्या त्या गृहस्थांनी गोळी स्वतःच्या मनानं अर्धी केली असेल तर त्यांना एकदा तीन महिन्यांची शुगर तपासायला सांगा. आणि कुणी पानांचा रस अनशापोटी घेऊन वर ग्लिमेपिराइड घेत असेल तर शुगर अचानक उतरली तर घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधार हे लक्षात असू द्या.

आबांच्या बाबतीत दुसरी गोष्ट पोटॅशियमची. बेलफळात ते केळ्यापेक्षा कमी नाही. टेल्मिसार्टन ही गोळी शरीरात पोटॅशियम थोडं धरून ठेवते, आणि किडनी मंद असली की ते बाहेर पडायला वेळ लागतो. एखाद्या दिवशी चार घोट बेल प्यायले म्हणून काही होत नाही. पण रोज सकाळी ग्लासभर, तीन आठवडे, यावर मी सोमवारी रक्तात सोडियम-पोटॅशियम तपासायला नक्की सांगेन. पोटॅशियम वाढलेलं माणसाला कळत नाही, त्याचा त्रास थेट हृदयाच्या ठोक्याला होतो. तोवर बेल थांबवा.

आईची_लेक
काका हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझी आई डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. गेल्या एप्रिलमध्ये गावाकडच्या मावशीनं "शहाळं आणि बेल, किडनी साफ होते" म्हणून चार दिवस दोन्ही पाजलं. पाचव्या दिवशी आईचे पाय जड, उठवेना, आम्हाला वाटलं अशक्तपणा. डायलिसिसला नेलं तर पोटॅशियम इतकं वाढलेलं की तिथल्या सिस्टरनी तिला लगेच मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले नशीब वेळेत आणलंत. आणि आमच्याकडे तर सरबत कुठलंही असो, ते पाण्याच्या कोट्यात मोजायचं असतं. दिवसाला एक लिटर म्हणजे त्यात चहा, आमटी, सबजा, सगळं आलं. मावशीला अजून वाटतं की मी तिच्या बेलाला उगाच बदनाम केलं.

स्नेहल, आबांना पाणी मोजून सांगितलंय का डॉक्टरांनी?

स्नेहल_राजारामपुरी
नाही, पाण्याचं बंधन आजवर नव्हतं. पण आता सूज आहे म्हणून विचारते सोमवारी. वाचून पोटात गोळाच आला. मग वाळा तरी चालेल ना? तो आत्तींचा जीव की प्राण, माठ पण त्यासाठीच नवीन आणलाय.

मालवणी_माहेर
वाळा चालेल असं मला वाटतं, त्यात ना साखर ना मीठ, नुसता वास. पण तू वाळा म्हणतेस ते मूळ आहे की हिरवं सरबत?

स्नेहल_राजारामपुरी
मूळ. जुडी. माठात टाकलीय तशीच.

मालवणी_माहेर
तशीच म्हणजे न धुता? अगं मुळांत केवढी माती असते. बाहेर काढ. बादलीत चार-पाच पाण्यानं धू, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग एक दिवस कडक उन्हात. मूठभर जुडी पातळ मलमलच्या पुरचुंडीत बांध आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या माठात सोड. चार-पाच तासांत वास उतरतो, पहिल्या पावसात माती भिजते तसा. दोन दिवसांनी काढून पुन्हा उन्हात. असं पाच-सहा वेळा होतं, मग वास मरतो, नवी जुडी. हात लावल्यावर बुळबुळीत लागलं किंवा कुबट वास आला की दया दाखवू नकोस, फेकून दे, माठ घासून उन्हात पालथा घाल. आणि वाळ्याचे पडदे, कूलरची जाळी असतात त्यातला वाळा काढून माठात घालणारे मी बघितलेत, तसलं करायचं नाही, त्यावर अत्तर मारलेलं असतं, धूळ असते.

बाटलीतलं हिरवंगार खस सरबत म्हणजे साखरेचा पाक आणि रंग. मूळ फिकट तपकिरी असतं, त्याचं पाणी कधी हिरवं होत नाही.

निशिगंध_९
माझ्या आत्यानं सांगितलं होतं की सबज्यामुळे तिची थायरॉइडची गोळी लागू पडेना, टीएसएच वाढला. ती सकाळी गोळी घेतली की लगेच सबजा पाणी प्यायची. हे खरं असू शकतं का?

गोळीवाले_काका
असू शकतं, ती गोळी रिकाम्या पोटी फक्त पाण्यासोबत घ्यायची असते, चोथा-तंतू सोबत गेला की ती कमी शोषली जाते. पण टीएसएच वाढायला इतर दहा कारणं असतात, आत्याचं याच्यामुळेच झालं असं इथनं मी म्हणणार नाही. त्यांनी सबजा रात्री घेऊन दीड-दोन महिन्यांनी परत तपासावं.

रांगडा_पाटील
मला वाटतं सबज्यानंच झालं असणार, आमच्या वहिनीचं पण असंच झालंतं.

आईची_लेक
वहिनींनी त्याच वेळी कॅल्शियमची गोळी पण सुरू केली असेल तर? माझ्या बहिणीचं तसं होतं. एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही पाटील.

गोळीवाले_काका
ते असो. स्नेहलताई, काल रात्री झोपताना तुमचा पहिला मेसेज परत वाचला आणि एका ओळीवर अडकलो. आपण सगळे मीठ-साखर मोजत बसलो आणि मी पण ती ओळ ओलांडून गेलो. "चहा पिताना ठसका लागतो." अर्धांगाच्या झटक्यानंतर. हे कधीपासून? फक्त चहाला की पाण्याला पण? घास गिळताना? पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरीत येतो का?

स्नेहल_राजारामपुरी
झटक्यानंतरच सुरू झालं. पाण्याला पण लागतो, विशेषतः घाईत प्यायले तर. भाकरी कालवून खातात तेव्हा नाही लागत. आवाजाचं आता लक्षात आलं, हो, पाणी प्यायले की खाकरतात, घसा साफ केल्यासारखं. आम्ही म्हातारपणाचा खोकला समजत होतो. सबज्याला तर रोज रात्री लागतोच, आत्ती म्हणायच्या हळू प्या.

गोळीवाले_काका
मग सबजा आज रात्रीपासून बंद. हे मिठाइतकंच महत्त्वाचं आहे, माझ्या मते जास्त. झटक्यानंतर गिळण्याचा ताळमेळ बिघडतो. पातळ पाणी वेगानं घसरतं, ते वेळेत आवरता येत नाही. सबज्यात दोन गोष्टी एकत्र, पातळ पाणी आणि त्यात घसरणारे दाणे. पाणी पुढं पळतं, दाणे मागं राहतात, घसा एकाच वेळी दोन गतींशी झुंजतो. असलं मिश्रण अशा माणसाला सगळ्यात अवघड. थोडं थोडं श्वासनलिकेत जात राहिलं तर छातीत कफ, ताप, न्यूमोनिया होतो, आणि तो "उन्हाळी खोकला" म्हणून अंगावर काढला जातो. गेल्या तीन आठवड्यांत संध्याकाळचा बारीक ताप आला होता का बघा आठवून.

आजपासून कुठलंही पेय ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, चमच्यानं किंवा लहान घोटानं. आडवं असताना नाही. आणि सोमवारी डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगा, स्पीच थेरपिस्ट करतात ती, बोलण्याचेच नाही तर गिळण्याचे पण तज्ज्ञ असतात ते. बऱ्याच घरांत हे माहीत नसतं.

स्नेहल_राजारामपुरी
ताप नव्हता काका. एक दिवस अंग कोमट वाटलं होतं, मोजला नाही. आत्तींना हे सगळं वाचून दाखवलं, त्या गप्प बसल्या. रोज रात्री त्याच भिजत घालायच्या सबजा, न चुकता. मी त्यांना म्हटलं आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मालवणी_माहेर
आत्तींना सांग, माझ्या आईनं पण बाबांना असंच केलं होतं आवळ्याच्या रसाचं, प्रेमानंच. काही मनाला लावून घेऊ नका म्हणावं.

स्नेहल_राजारामपुरी
मंडळी, सोमवारी जाऊन आलो. चार दिवस आगळ, बेल, सबजा बंद होता, बीपी आज १४६/८६. सूज बरीच उतरलीय. पोटॅशियम ५.४ आलं, डॉक्टर म्हणाले थोडं जास्त आहे, एक आठवड्यानं परत तपासायचं, गोळी सध्या तीच. बेल पूर्ण बंद. पाणी दीड लिटरपर्यंत ठेवा म्हणाले सूज जाईपर्यंत, वाळ्याचं पाणी त्यातच मोजायचं. गिळण्याच्या तपासणीची चिठ्ठी दिलीय, गुरुवारची वेळ मिळाली.

आता आबांचं एकच मागणं आहे, कोकम. रडकुंडीला आलेत, म्हणतात जिभेला आंबट लागल्याशिवाय उन्हाळा जात नाही. मालवणीताई, आमसूल भिजवून देऊ का, त्याला पण मीठ असतं?

मालवणी_माहेर
बाजारातल्या बऱ्याच आमसुलांना मीठ लावलेलं असतं गं, वजन आणि टिकाऊपणासाठी. जिभेवर ठेवून बघ, आधी खारट लागलं आणि मग आंबट, तर ते घेऊ नकोस. बिनमिठाचं असलं तर लगेच आंबट चटका बसतो. ते तीन-चार आमसुलं अर्ध्या वाटी कोमट पाण्यात तासभर भिजव, पिळ, गाळ, मग ग्लासात पाणी घाल. साखर नको, भाजलेल्या जिऱ्याची पूड चिमूटभर. रंग फिकट येईल, आगळासारखा लालभडक नाही, त्याला घाबरू नकोस. रोज नको, आठवड्यातनं दोनदा. आणि अनशापोटी नको, पित्त वाढतं कुणाकुणाचं.

गोळीवाले_काका
आणि गुरुवारची तपासणी होईपर्यंत तेही चमच्यानं. पातळच आहे ते.

स्नेहल_राजारामपुरी
हो काका, चमच्यानंच. आत्तींनी आजच चांदीचा चमचा काढलाय, लग्नातला.

मालवणी_माहेर
मी मेमध्ये कुडाळला जातेय, रातांब्याचाच हंगाम आहे, आईकडून बिनमिठाची आमसुलं वाळवून आणते. राजारामपुरी कितवी गल्ली ते व्यक्तिगत निरोपात कळव, आणून देते.

फौंड्रीतला_सच्या
ताई माझ्यासाठी आगळ आणाल का दोन लिटर? मिठाचं चालंल.